बाईंचं पत्र तोंडपाठ

३ डिसेंबर १९५५. चिखली.
पिंपरीच्या औषध कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तपासणी विभागात मदतनीस. आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी मीच. आबांनी पारावर सांगून टाकलं, "पोरगी सायबीण झाली." मी म्हटलं, अजून मुलाखत आहे. आबा म्हणाले, "तुला समदं पाठ हाय की!"
खरंच आहे.

५ डिसेंबर.
सल्ला विचारला होता, त्यावर शाळेतल्या शालनबाईंचं पत्र आलं. धक्का बसला. लिहितात: "पाठांतरापेक्षा कुतूहल मोठं. पाठ केलेलं उत्तर त्याच प्रश्नाला चालतं. प्रश्न बदलला की माणूस गप्प होतो. थंडीत दही उशिरा का लागतं? एकाच दुधाच्या दोन वाट्या घे, विरजण सारखंच घाल. एक चुलीजवळ ठेव, एक खिडकीत. बदल एकच कर, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. असं शोधलेलं विसरत नाही."
याच बाईंनी पाठांतरासाठी मला वर्गापुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या! आता ऐन वेळी हे! फसवणूक दुसरी कोणती?
तरी बाईंचा शब्द मोडणार नाही. कुतूहलाची तयारी उद्यापासून.

६ डिसेंबर.
पहिला परिच्छेद पाठ.

८ डिसेंबर.
पूर्ण पत्र पाठ, ताज्या कलमासकट. वाट्या मांडायला वेळ झाला नाही. उत्तर माहीत असताना दूध कशाला नासवायचं?
वर्गातली झुलेखा भेटली. तिलाही बोलावणं आहे. मॅट्रिकला दोनदा बसली बिचारी. म्हणाली, "अगं, चुलीजवळची वाटी आधी लागली! फारच जवळ ठेवली तर काय होईल गं?" तिलाही तेच पत्र! मला वाटलं होतं, बाईंनी फक्त मलाच लिहिलं. आज रात्री डोळा लागणार नाही.

१२ डिसेंबर. संध्याकाळ.
मुलाखतीत साहेबांनी काचेची थाळी पुढे केली. सगळीकडे जंतूंचा पांढुरका थर, मध्ये हिरवी बुरशी, तिच्याभोवती स्वच्छ मोकळं कडं. म्हणाले, "हे पाहून काय विचारावंसं वाटतं?"
मी बुरशीची व्याख्या सांगितली. ते म्हणाले, "ते पुस्तकात आहे. तुम्हाला काय वाटतं?" मग मी न अडखळता पत्र म्हटलं. "येताना आवळ्याचं लोणचं आण, तुझी शालनबाई" इथपर्यंत. साहेबांनी थाळीवर झाकण ठेवलं.
झुलेखा माझ्यानंतर आत गेली. तिने विचारलं म्हणे, "या कड्यात जंतू का नाहीत? बुरशीतून काही झिरपतं का?" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

१९ डिसेंबर.
झुलेखाला घेतलं. आबा पाराकडे फिरकले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "समदं पाठ होतं न्हवं?"
बाईंनी आधी टाळ्यांनी फसवलं, मग पत्राने. लोणचं पाठवणार नाही.
कारखान्यात पुन्हा जागा निघणार आहेत म्हणे. या वेळी कसूर नाही. झुलेखाकडून तिचे सगळे प्रश्न लिहून आणले आहेत.
निम्मे पाठ झाले.