'साकु' या शब्दाचा अर्थ आणि माझे घर

मी, जोतीराम बिन येडू मेटकरी, वय वर्षे ६१, धंदा हातमाग दुरुस्ती, मूळचा मंद्रूपचा, राहणार सोलापूर, शुद्धीवर असून कोणाच्या भिडेखातर नव्हे, तर भीड मोडून हे मृत्युपत्र करतो.

१. सात रस्त्याजवळचे घर स्वकष्टाचे आहे. सूत कुठे अडते ते मी मागाच्या आवाजावरून सांगतो. त्या कानांनी हे घर बांधले, बापजाद्यांनी नव्हे. ते सर्व नीलव्वा कोम जोतीराम हिला देतो. तिच्याशी मी पाट (पुनर्विवाह) लावला आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तिच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून अमान्य करावा.

२. पुतण्या महिपती गल्लीत सांगतो की, "काकूच बोलली, काका पुरे झाले. मग तिचा हक्क कसला?" म्हणून खरे काय ते नोंदवतो.

पाटाला तीन महिने झाले होते. भावकीची बोलणी ऐकून नीलव्वाचा भाऊ धोंडप्पा तिला अक्कलकोटला न्यायला गाडी घेऊन आला. मी म्हणालो, "जायचं असंल तर जा. आडवणार न्हाय." ती म्हणाली, "नीव इद्र साकु."

मला कानडीतला 'साकु' तेवढा ठाऊक. जेवताना ती ताटावर हात धरून म्हणते, म्हणजे पुरे. तिथेच उभ्या महिपतीने टाळी वाजवली, "घ्या काका, पुरे झालासा तुमी!"

मीही क्षणभर तेच समजलो. पण ताटावरचा साकु तुटक असतो. हा लांबला, खाली उतरला, आणि तिचा हात माझ्या बाहीवर होता. कळल्यासारखी मान हलवली असती तर लबाडी झाली असती, हसलो असतो तर ती गाडीत बसली असती. तेच शब्द पोपटासारखे परत म्हणण्यातही अर्थ नव्हता. मी म्हणालो, "नीला, शेवटचा शब्द कळला, आदले दोन न्हाईत. सांग की."

तिने माझ्या छातीला बोट लावले, "नीव." मग पायाखालची जमीन दाखवली, "इद्र. तुमी हितं असला, तर." मग म्हणाली, "मला पुरे. दुसरं काय नको."

कानडीत उत्तर येत नव्हते. मी माझ्याच भाषेत दिले, "मग मी हाय. हितंच हाय."

धोंडप्पा रिकामी गाडी घेऊन हसत गेला.

३. माझी हत्यारे शेजारी चनबसप्पाच्या मुलीला, प्रेमलाला. तिला कान आहे.

४. महिपतीला खडखडणारा जुना माग. खडखड कुठून येते ते ऐकत बसावे. न कळल्यास विचारावे. विचारल्याने कोणी लहान होत नाही.

५. घराच्या चौकटीवर 'नीव इद्र साकु' कानडी अक्षरांत कोरावे. भावकीतल्या कोणी पुसल्यास पुन्हा कोरावे, अधिक खोल.

घर नीलव्वाला मिळत असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. ती शेजारी बसून ऐकत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "साकु." कोणता, ते मी विचारले. तिने सांगितले. ते इथे लिहीत नाही. वाटणीत द्यायचे नाही.

सही: जोतीराम येडू मेटकरी
साक्षीदार: १. वीरभद्रप्पा शिवप्पा हिरेमठ २. एकनाथ हिंदुराव शिंदे
सोलापूर, ता. १२ माहे फेब्रुवारी सन १९३४