चार पावलं, एक पायडल

प्रिय सुहास,

आज ईशान कालव्याच्या पुलावरून एकटा पुढे गेला. सायकलवर, शाळेत, मी बरोबर नसताना. शाळा सुटायला अजून बराच अवकाश आहे. कुकर झाला, कपडे वाळत घालून झाले, आज घरूनच काम करते असं ऑफिसला कळवलंय आणि लॅपटॉप अजून उघडलेलाही नाही. फोन समोर ठेवलाय. वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती. आईला फोन करावा तर ती सदाशिव पेठेत बसून माझ्याहून जास्त घाबरेल. म्हणून म्हटलं, तुलाच लिहावं. तू तरी मध्ये बोलणार नाहीस.

पण सुरुवात तूच केलीस, हे विसरू नकोस. "पाचवीत गेलास की सायकलने शाळेत जायचं," असं तूच त्याला सांगितलंस. लाल सायकल आणलीस, त्याच्या उंचीला सीट बसवलीस, आणि पाचवी सुरू व्हायच्या आत निघून गेलास. आता शब्द तुझा आणि पाळायचा मी! शहराबाहेर इथे मांजरीत राहायलाही तूच आणलंस, मोकळी हवा आहे म्हणून. हवा आहे रे मोकळी. रस्ता कुठे मोकळा आहे? एका बाजूला नव्या इमारतींचे डंपर, दुसऱ्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या, आणि मधून आपलं पोर.

जूनमध्ये त्याने विचारलं, "आई, बाबा म्हणाले होते ना?" नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. मग म्हटलं, जा, पण मी बाजूने पळत येणार. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू? सुटलेल्या बससाठी कधी पावलं उचलली नाहीस तू." खरंच होतं ते. तुझे जुने स्पोर्ट्स शूज दोन मोजे चढवून घातले आणि निघाले.

पहिले काही दिवस तर विचारू नकोस. मी सारखी "हळू, हळू" ओरडायचे. तो हळू व्हायचा, की सायकल झोकांड्या खायची, हँडल डावीकडे, उजवीकडे. ते बघून मी आणखी घाबरायचे आणि आणखी ओरडायचे. सायकल हळू झाली की जास्त डगमगते, वेग धरला की सरळ चालते, हे मला कोण सांगणार? तू असतास तर सांगितलं असतंस. वर मी शहाणपणा करून सीट खाली घेतली, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. तर त्याचे गुडघे पोटाशी यायला लागले आणि पुलाच्या चढावर त्याच्या मांड्या भरून यायच्या. आपले वॉचमन काका दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, सीट वर घ्या की. पोराला काय बेडकागत बसवलंय." पाना त्यांनीच आणून दिला.

माझं वेगळंच. गेटमधून निघाले की अशी सुसाट पळायचे, की किराणाच्या दुकानापर्यंत कुशीत कळ यायची आणि वाकून उभी राहायचे. तो पुढे जाऊन थांबायचा, पाय टेकून. नुसता माझ्याकडे बघत राहायचा. तेव्हा मला वाटायचं, कंटाळतोय.

मग एकदा माझा घसा बसला. ओरडताच येईना. त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसती पळाले आणि ऐकलं. त्याचं उजवं पायडल चेनकव्हरला घासतं. एक फेरा झाला की एकदा खट्. आणि त्या दोन खटच्या मध्ये माझी बरोबर चार पावलं पडत होती. दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर, आणि खट्. मी मुद्दाम काही करत नव्हते, तोही नव्हता. हँडल अगदी सरळ, कुशीत कळ नाही, आणि घसा बसलेला असूनही मला पूर्ण वाक्य बोलता येत होतं. म्हटलं, "ईशान, आज डब्यात थालीपीठ आहे." तो म्हणाला, "माहितीये, वास येतोय." बस, एवढंच बोललो. तू गेल्यानंतर इतकी निवांत मी पहिल्यांदाच झाले असेन, आणि तीही पळताना.

तो आमचा वेग झाला. पुलाचा चढ आला की सायकल रेंगाळायची, मी पावलं लहान टाकायचे. उतारावर तो पायडल थांबवायचा, मागच्या चाकातून टिकटिक यायची आणि सायकल आपसूक पुढे निघायची. मग तो मागचा ब्रेक अलगद दाबून मला गाठू द्यायचा. मला वाटायचं, किती गुणी पोर.

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले आणि ट्रॉल्या सुरू झाल्या. एका सकाळी मागून ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर लोंबलेला. ईशान कडेने अगदी सरळ चालला होता. पण मी एकदम त्याचं हँडल धरलं. तूच त्याला मैदानात शिकवताना मला बजावलं होतंस ना, "मानसी, धरायचं तर सीट धर, हँडल नको. तोल जायला लागला की हँडल तिकडेच वळवून तो सावरतो. तू हँडल धरलंस तर सावरणार कसा?" ऐन वेळी सगळं विसरले. तो धाडकन पडला. नशीब, मातीच्या बाजूला. कोपर सोलवटलं, गुडघा फुटला. ट्रॅक्टरवाला पुढे थांबून उतरला, त्याला उठवलं आणि मला म्हणाला, "ताई, हात कशाला लावला? पोरगं नीट चाललं हुतं."

मी रस्त्याच्या कडेला बसून रडले, सुहास. ईशान नाही रडला. तो माझ्या छातीकडे बघत होता. म्हणाला, "आई, श्वास घे नीट. दोनला आत, दोनला बाहेर."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मी ऐकतो ना रोज. तुझा श्वास चुकला की मी पायडल थांबवतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू गेलास त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तुम्ही दोघं जिन्याने वर येत होतात. पहिला कोण पोचतो, अशी शर्यत लावली होतीत. तो धावत वर आला, दाराशी उभा राहून "मी जिंकलो" म्हणून ओरडला, आणि तू तिसऱ्या मजल्यावरच छाती धरून बसला होतास. हे मला माहीत होतं. पण त्याच्या मनात काय बसलंय ते कळलं नव्हतं. तो म्हणाला, "मी पुढे गेलो म्हणून मला ऐकू आलं नाही. आता मी पुढे जात नाही."

मी त्याला सांभाळायला पळत होते आणि तो मला सांभाळायला हळू चालवत होता. सांग, याला काय म्हणायचं? मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, की बाबांचं दुखणं आधीपासूनचं होतं, तू मागे असतास तरी ते थांबलं नसतं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं.

आणि इथे मला तुझा राग येतो. आठ दिवस छातीत जळजळतंय म्हणत होतास. मी म्हटलं, दाखवून ये. तू म्हणालास, पित्त आहे. त्या पित्तापायी आपलं पोर मागे राहायला शिकलं.

शेवटी मी त्याला घेऊनच डॉक्टरकडे गेले. छातीला वायरी लावून मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मग पट्टा उचलून चढ केला, मग पळवलं. ईशान कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझ्या पावलांबरोबर बोटं मोजत होता. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, हृदय ठणठणीत आहे." ईशानने विचारलं, "चढावर पण?" ते म्हणाले, "चढावर पण." घरी येताना रिक्षात तो गाढ झोपला.

त्यानंतर पुलाची कल्पना त्याचीच. पूल बरोबर अर्ध्यावर आहे. तो म्हणाला, "तिथून मी पुढे जातो, तू मागे फीर. दोघांनी आपल्या रोजच्याच वेगाने जायचं. तू गेटशी पोचलीस की समज, मी शाळेत पोचलो. फोनची गरजच नाही." हिशेब चोख. बापावर गेलाय.

आज ते केलं. पुलावर मी थांबले. तो पुढे निघाला, खट्, खट्, मग आवाज ऐकू येईना. मी वळले. चार पावलं, खट् नाही. आणखी चार, खट् नाही. मग माझा धीरच सुटला आणि मी जी पळत सुटले ती थेट गेटपर्यंत. वॉचमन काका म्हणाले, "ताई, कोण मागं लागलंय का?" आणि तिथे उभी राहिल्यावर लक्षात आलं, मी फार लवकर आले. म्हणजे तो अजून पोचलेला नाही. तो रस्त्यावरच आहे, आणि नेमका कुठे, हे आता मला कळायला मार्ग नाही. माझ्याच पायांनी मी आमचा हिशेब मोडला. तेव्हापासून जीव असा टांगणीला लागलाय.

थांब, खाली सायकलची घंटी वाजतेय.

आला, सुहास. सोसायटीतल्या मोठ्या मुलांबरोबर. हात धुऊन पानावर बसला आणि पहिला प्रश्न, "आई, तू लवकर पोचलीस ना?"

"तुला काय माहीत?"

"मी पुढे जाऊन मागे बघितलं. तू किती जोरात पळत होतीस. मग मी परत पुलावर आलो. तू वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो."

"अरे, मग शाळेत उशीर झाला असेल."

"झाला. बाईंनी विचारलं, कशाने? मी म्हटलं, आईला सोडायला गेलो होतो."

मी त्याच्या पानात भाजी वाढली. तो शांतपणे जेवत होता. म्हणाला, "उद्या नीट पळ. मग मला मागे बघायला नको."

तर तुला शब्द देते, आणि हा मीच पाळीन. उद्या पुलावरून वळले, की खट् ऐकू आलं नाही तरी रोजच्याच वेगाने चार-चार पावलं टाकीन. दोनला आत, दोनला बाहेर, गेटपर्यंत. छातीत जरा काही वाटलं तर त्याच दिवशी दाखवीन, पित्त म्हणणार नाही. तो पुढे जाईल, आणि मागे माझं काही होणार नाही, हे त्याला रोज पटवीन.

तिसऱ्या मजल्यावर आता मी थांबत नाही रे. पण पावलं तिथे लहान पडतात, एवढं मात्र आहे.

तुझे शूज घालून पळणारी,
मानसी