सुकेशनीसाठी दोन पानं

मंगळवार, ३ जून

पत्र परत आलं. माझं पत्र! पुण्याच्या शिष्यवृत्तीवाल्या संस्थेचा ई-मेल – 'आपल्या शिफारसपत्रातून विद्यार्थिनी कळत नाही. आठ तारखेपर्यंत नव्याने पाठवावे.'

अकरा वर्षं बोरीच्या शाळेत गणित मीच शिकवतो. शंभर तरी पत्रं दिली असतील. 'सदर विद्यार्थिनी हुशार, होतकरू व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे.' नाव बदलायचं, शिक्का मारायचा. आजवर कुणी ब्र काढला नाही.

लय राग आला. मग आपलंच पत्र वाचलं. त्यात सुकेशनी कुठंच नव्हती.

बुधवार, ४ जून

सूचना आज नीट वाचल्या – आधी वाचायला काय झालं होतं! आधी काय येत नव्हतं, आता काय येतं, कशावरून म्हणता. एक उणीवही लिहा. पत्र मुलीला दाखवायचं नाही, शिक्षकानंच लिंकवर टाकायचं.

शिष्यवृत्ती मिळाली तर दोन वर्षं परभणीला सायन्स, वसतिगृहासकट. नाही मिळाली तर इथंच आर्ट्स. पोरीला दहावीला गणितात एक्क्याऐंशी आहेत, आणि माझ्या आळसापायी तिचा फॉर्म बाजूला पडणार होता.

गुरुवार, ५ जून

तिच्या घरी गेलो. ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जिंतूरला गेलेली. आईनं, सुलाबाईंनी, जयभीम घालून चहा ठेवला. जुन्या वह्या आहेत का विचारलं तर पेटीच ओढली पुढं. पाचवीपासूनच्या सगळ्या! म्हणाल्या, "लेकराच्या हातचं रद्दीत कसं घालावं, सर?"

सातवीची वही. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. पानभर तसंच – वरचे आकडे वर मिळवायचे, खालचे खाली. आणि खाली लाल शाईत – 'गणित हा तुझा विषय नाही.' सही माझी.

लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही. चहा तसाच राहिला.

शुक्रवार, ६ जून

वह्या घरी आणल्यात. आठवीत तीच चूक अर्धं वर्ष. मग घटक चाचणीत वीसपैकी सहा, आणि त्यानंतर मी तपासलेला पेपर तिनं पहिल्यांदा मागून नेलेला. वहीत चुकलेलं गणित खोडलेलं नाही, शेजारी लिहिलंय – 'इथं चुकलं, छेद सारखे केले नाहीत.' नववीत अशी पानंच्या पानं. हे मी शिकवलेलं नाही. तिचं तिनं शोधलं.

दहावीत पाण्याच्या टाकीची उंची सावलीवरून काढायला सांगितली होती. सगळ्यांचं उत्तर एकच, मीही बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "सर, तिथं जमीन उताराची हाय. सावली लांब पडायलीय." परत जाऊन मोजलं. तिचं खरं होतं.

मुख्याध्यापक व्यंकटराव म्हणाले, नापासबिपास लिहू नका, कागदावर आलं की पोरगी गेली. मला झोप नाही.

शनिवार, ७ जून

लिहिलं. दोन पानं. सहापासून एक्क्याऐंशीपर्यंत सगळं, वहीच्या पानांच्या फोटोंसकट. उणीव – इंग्रजी वाचायला वेळ लागतो, वर्गात शंका विचारायला बुजते. आणि हेही – 'सातवीत मी तिच्या वहीत "गणित हा तुझा विषय नाही" असे लिहिले. मी चुकलो होतो. तिने ते मला न सांगता सिद्ध केले.'

व्यंकटरावांनी वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग सही करून शिक्का मारला, आणि लेटरहेड सरळ लावून स्कॅनही त्यांनीच केलं. चार वाजता अपलोड.

घरी बायकोला, राजेश्रीला, सांगितलं. ती म्हणाली, एवढं खरं लिहायची काय गरज होती, तुमच्यामुळं पोरीचं नुकसान झालं तर? जेवण गेलं नाही.

मंगळवार, २४ जून

सुकेशनीची परभणीला मुलाखत झाली. कशी झाली विचारलं. "बरी झाली, सर." नजर चुकवत होती. तिला कळलं की काय मी काय लिहिलंय?

मंगळवार, १ जुलै

काही नाही. दिवसातून दहादा ई-मेल बघतो.

शुक्रवार, ४ जुलै

संस्थेच्या बाईंचा फोन. निवड झाली! सुकेशनीची निवड झाली!!

बाई म्हणाल्या, मुलाखतीत तिला विचारलं, गणितात कधी कुणी नाउमेद केलं का? माझं पत्र त्यांच्यासमोर उघडं होतं, तिला काय ठाऊक. म्हणाली, "सातवीत एका सरांनी वहीत लिहिलं होतं. पण ते सर आता आमच्या शाळेत न्हाईत."