काकीच्या कुंपणावरची कवंडळं

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा हेवा वाटायचा थांबलेला नाही.

सुर्ल्याच्या खाणीच्या कचेरीतून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी नोकरीला लागलेली, व्याजावर दोघांचं भागणार होतं. सकाळ कशी भागवायची ते मात्र ठरवलं नव्हतं. स्वयंपाकघरातले डबे मी नव्याने लावून दिले, बायकोने परत जागच्या जागी ठेवले. कचेरीत सहज म्हणून डोकावलो, तर माझ्या खुर्चीवरच्या माणसाने चहा मागवून मला पाहुण्यासारखं बसवलं. पुन्हा गेलो नाही.

मग चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या माटोळीसाठी तुम्ही सर्वणचा डोंगर पालथा घालायचात. ओल्या अंगाने परत यायचात, खांद्यावर पिवळ्या कांगल्यांचे घोस, हातात लालभडक कवंडळं, आणि वाड्यावरची माणसं बघायला जमायची. मी डिचोलीच्या बाजारातून पिशव्या भरून आणल्या आणि चौकटीला सगळं नीट बांधलं. शेजारची काकी मान वर करून बघत राहिली.

"तुज्या बापायची माटोळी गणपतीय वळखतालो," ती म्हणाली. "ही बाजाराची."

मला जेवण गेलं नाही. मेलेल्या माणसाशी स्पर्धा, आणि तीही स्वतःच्या बापाशी. तरी दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो. निम्मा डोंगर खाणीने नेलेला. उरलेल्यात कवंडळाची एकच वेल सापडली, तिचं एक फळ आणलं आणि बिया शेणखताच्या मातीत लावल्या. वेली फोफावल्या, संध्याकाळी झालरीसारखी पांढरी फुलं उमलू लागली, पण फळ धरेना. नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. माझ्या अंगणात सगळे नरच निघाले. पुन्हा बिया लावल्या, फुलं येईपर्यंत वाट पाहिली. मादी मिळाली तेव्हा तिच्या फांद्या मातीत दाबून रोपं केली. मग एका घराच्या कुंपणावर नर, शेजारच्या घरी मादी, अशी वाड्यावर वाटत सुटलो. बाजारातला एक व्यापारी सगळी रोपं उचलायला तयार होता. त्याला नाही म्हटलं, कारण त्याने नेली असती तर सकाळी उठून मी कोणाच्या कुंपणाला पाणी घातलं असतं? आता आंघोळीलाही उशीर होतो. बायको म्हणते, नोकरीत असताना इतके वेळेवर कधी उठत नव्हतात.

यंदा काकीच्या माटोळीत तिच्याच कुंपणावरची कवंडळं लागली. मी मुद्दाम बघायला गेलो. ती हसली, म्हणाली, "तुज्या बापायचीच वेल ही."

माझी, असं ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण एक कबूल करतो. हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे. कुठे असाल तिथे तुम्हालाही माझा थोडा हेवा वाटावा, एवढ्यासाठीच.