फिल्मवरचे काळे डाग

कारेगाव, मंगळवार संध्याकाळ, २००७

आज खोलीत नवी ट्यूबलाइट लावली आणि ह्यांची ती रात्र आठवली.

माझ्या पोटाचा सीटी स्कॅन झाला होता. फिल्म लगेच मिळाली, रिपोर्ट मात्र सकाळी मिळणार होता. हे रांजणगावच्या कंपनीत वेल्डिंगचे एक्स-रे तपासायचे. तिथं काळा डाग म्हणजे सांध्यात पोकळी, तो जॉब, म्हणजे वेल्डिंग केलेला भाग, रिजेक्ट. माझ्या फिल्मवर तर कितीतरी काळे डाग! रात्रभर ती ट्यूबलाइटपुढं धरून उभे.

"झोपा की आता."

"तू झोप. दुखतंय का गं लई?"

पुन्हा ते काळे डाग.

सकाळी शिरूरला डॉक्टर म्हणाले, "हाडं पांढरी दिसतात, हवा काळी. आतड्यात हवा सगळ्यांच्याच असते. गाठ नाही. थोडी सूज आहे, औषधानं जाईल."

"म्हंजी जॉब पास?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर हसले. ह्यांना मात्र रडू आवरेना.

पुढं ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा फिल्म काढण्याइतकाही वेळ मिळाला नाही, हे गेलेच. मी काय फार मागत होते? ह्यांच्या काळजीनं मलाही एक रात्र जागायला मिळाली असती, तर तेवढी रात्र तरी हे घरात असते.