पानशेतच्या होडीतल्या तिघी

कसबा बावडा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय शांभवी,

तुझ्याविरुद्ध एक तक्रार रीतसर नोंदवायची आहे. इन्स्टाग्रामवर माझे एकूण तीन अनुयायी होते. तू, आमच्या शाळेतला क्लार्क कृष्णात आणि शाहूपुरीतलं एक पाइपांचं दुकान, ज्याला माझ्यात काय दिसलं देव जाणे. दिवाळीनंतर तू खातं बंद केलंस आणि माझं एक तृतीयांश राज्य बुडालं. मे महिन्यात माझं खातं तूच उघडून दिलं होतंस. राजाला गादीवर बसवून प्रजेनंच गाव सोडावं, हे कुठल्या नीतिशास्त्रात बसतं?

बाकी इकडं ठीक. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. दिवस कलला की उसाच्या रसाचा तो गोडसर वास गच्चीवर येऊन बसतो, धुरकटात ऊसगाड्यांचे दिवे हळूहळू सरकतात आणि मी खुर्चीत फोन धरून बसतो. तुझी आई खालून ओरडते, "अवो, त्यात काय हरवलंय की काय तुमचं?" तिला काय सांगू!

दिवाळीत तू याच खुर्चीत बसायचीस. बोटानं फोनचा पडदा खाली ओढायचीस, सोडायचीस, पुन्हा ओढायचीस, हापशाला पाणी येतंय का बघावं तसं. पुण्यातल्या तुझ्या खोलीवरच्या तिघींचं तिकडं काय चाललंय ते बघत होतीस. स्टोरी चोवीस तासांत पुसली जाते. आत्ता बघितली नाही तर सोमवारी त्या कशावर हसताहेत ते कळत नाही, म्हणालीस. आणि बघितली तर? मी विचारल्यावर तू हसलीस. "मग जास्तच वाईट वाटतं, अप्पा. त्याला फोमो म्हणतात. फिअर ऑफ मिसिंग आऊट."

तिथं माझ्यातला मास्तर जागा झाला. 'अवसरभ्रंशभय' असा संस्कृत समास घडवून मी पंचमी तत्पुरुषाचा विग्रह केला, फराळाच्या ताटावर अर्धा तास प्रवचन दिलं, शेजारच्या शालूबाईंना बोलावून तुझी नक्कलही करून दाखवली. सगळे हसले. तूही. दुसऱ्या दिवशी तू खातं बंद केलंस आणि मी शाळेत सांगत सुटलो, की एका प्रवचनात पोरगी सुधारली. कृष्णात म्हणाला, "सर, आमच्या पोराला पण एक द्या की!"

एक गोष्ट मात्र मी तेव्हा नीट पाहिली नव्हती. मे महिन्यात तू मला त्या तिघींतल्या भैरवीच्या फोटोभोवतीचं हिरवं कडं दाखवलं होतंस. "हे सगळ्यांना नाही दिसत, अप्पा. तिनं जवळच्या म्हणून निवडलेल्यांनाच." किती खूश होतीस. दिवाळीत तू पडदा ओढत होतीस तेव्हा मी मागून बघितलं होतं. भैरवीभोवतीचं कडं गुलाबी होतं, चारचौघांसाठी असतं तसं.

गेल्या रविवारी दुपारी तू फोनवर म्हणालीस, "आम्ही चौघी पानशेतला आलोय, रेंज नाही, ठेवते." तुझ्यामागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पानशेतच्या पाण्यावर कोणी भात लावला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग भैरवीची स्टोरी उघडली. निळसर धुकं, होडी, पाण्यावर थरथरणारा डोंगर, आणि कॅमेरा सावकाश फिरतो. एक, दोन, तीन. खाली नावंही तीनच. मी पुन्हा लावली. पुन्हा. वाटे, यावेळी कॅमेरा थोडा पुढं सरकेल आणि पाण्याकडं तोंड करून बसलेली तू दिसशील. दुसऱ्या दिवशी मुलांना धातुरूपं लिहायला देऊन टेबलाखाली तेच बघत होतो. दुपारी ती पुसली गेली. बघणाऱ्यांच्या यादीत माझं नाव भैरवीला दिसलं असेल. दिसू दे.

तेव्हा कळलं, की फोमो म्हणजे त्या होडीत बसायची हौस नव्हे. आपल्यावाचून त्यांचं छान चाललंय, हे आपल्याच डोळ्यांनी बघायचं आणि बघणं थांबवताही यायचं नाही, अशी ती गत आहे. मी तिचा विग्रह केला, अर्थ विचारला नाही. आणि तुझ्या बाबतीत ती नुसती भीतीही नव्हती. ते घडून गेलं होतं.

हे फोनवर बोललो असतो, तर तू "काही नाही हो अप्पा" म्हणाली असतीस आणि मी काहीतरी विनोद केला असता. म्हणून कागद घेतला. त्या मुलींशी भांडायला मी येणार नाही. तू म्हणालीस तर शनिवारच्या गाडीनं नुसता येईन, तू सांगशील तितकं ऐकेन. नको म्हणालीस तर येणार नाही. तू खोटं बोललीस याचा राग नाही. मला काळजी एकाच गोष्टीची वाटते, शांभवी. तू तिथं एकटी पडली आहेस, आणि मी हसेन म्हणून मला सांगत नाहीस.

तुझाच,
अप्पा