गुरुजी माझ्याच छातीवर बसतात

प्रिय ढापण्या यास,

बाकावरच्या तुझ्या जुन्या शेजाऱ्याचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, मानेनेच मानून घे.) तुझी साखर आटोक्यात आहे ना? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक, म्हणजे विशेषच ठीक.

तुझं पत्र पोचलं. आपले दिवंगत गुरुजी तुझ्या स्वप्नात आले, पाठ थोपटून 'शाबास' म्हणाले, तेव्हा त्यांचा लाडका तूच, असं तुझं म्हणणं. अरे, आदल्या संध्याकाळी वर्गाचा फोटो घेऊन बसला होतास, हेही तूच लिहिलंयस. दिवसा जे मनात घोळतं तेच रात्री समोर येतं. ती शाबासकी तुझी तूच तुला दिलीस. याला भेट म्हणत नाहीत.

भेट माझ्याकडे होते. पहाटे डोळे उघडतात, कपाट दिसतं, पडदा हलताना दिसतो, फक्त हातपाय हलत नाहीत. दाराशी चाहूल लागते. मग गुरुजी येऊन छातीवर बसतात आणि कवितेची पुढची ओळ विचारतात. ओळ मला येते, चालीसकट येते. जीभच उचलत नाही. कसंबसं एक बोट हललं की गुरुजी नाहीसे.

सूनबाई इस्पितळात नर्स आहे. तिचं म्हणणं, स्वप्न चालू असताना शरीर सैल पडलेलं असतं, नाहीतर माणूस स्वप्नात धावता धावता खाटेवरून पडेल. कधी डोळे आधी जागे होतात आणि शरीर मागे राहतं. उरलेलं स्वप्न मग खोलीतच दिसतं, श्वास उथळ असल्यानं छाती दडपते आणि घाबरलेलं मन तिथे कुणालातरी बसवतं. उताणं झोपलं की हे जास्त होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं उदाहरण तिने दिलं. त्यालाही अस्संच होतं, पण त्याचा भुताखेतांवर विश्वास नाही, म्हणून त्याच्या छातीवर चोर बसतो. (त्याने दाराला तिसरं कुलूप लावलंय.)

मी म्हटलं, "मग माझ्याकडे चोर का नाही आला?"

"कारण बाबा, तुम्ही वाट गुरुजींची बघता."

हरली बिचारी, माझंच म्हणणं बोलून गेली. वाट बघणाऱ्याकडेच माणूस येतो. इतक्या विद्यार्थ्यांतून त्यांनी ही एकच छाती निवडली, याचा मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू! शिंप्यालाही मी तो चोर नीट निरखायला सांगितलंय. त्याचे एखादे मास्तर असतील.

तुझा,
गुरुजींचा (एकमेव) लाडका

ता. क. सूनबाईने महिन्याभरापूर्वी माझी खाट मागच्या खोलीत हलवली आणि मला कुशीवर झोपायला लावलं. तेव्हापासून गुरुजी आलेले नाहीत. ती म्हणते, कुशीचा गुण. मला वाटतं, त्यांना खोली सापडत नसावी.

ता. ता. क. तुझ्याकडे पुन्हा आले तर शाबासकी खुशाल घे, पण तेवढं सांग त्यांना: जिन्यावरून डावीकडे, शेवटची खोली. दार मी लोटूनच ठेवतो.